तारखा मोजल्या, पॅड मोजायचे राहिले

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात एक आई दोन कॅलेंडरं पिशवीत घालून दवाखान्यात आली. एक गेल्या वर्षीचं, एक यंदाचं. दोन्ही स्वयंपाकघरातल्या खिळ्यावरची, त्यामुळे कोपऱ्यांवर हळदीची बोटं आणि दुधाचे हिशेब. त्यांच्यामध्ये लाल पेनाने केलेली आठ गोल वर्तुळं. शेजारच्या खुर्चीत सातवीतली मुलगी मान खाली घालून बसली होती. आई म्हणाली, “मॅडम, हिची तारीख एकदाही जागेवर येत नाही. गेल्या ऑगस्टात तर महिन्यात दोनदा आली. पीसीओडी आहे म्हणतात.” मग तिने सोनोग्राफीचा रिपोर्ट पुढे केला.

ही गोष्ट मी त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून काही बारकावे बदलले आहेत. वर्तुळांचा हिशेब मात्र नीट पाहण्यासारखा आहे, कारण वयात आलेल्या मुलीच्या पाळीबद्दल घराघरात जी चूक होते, ती इथे अगदी समोर दिसते.

पहिली पाळी 14 जूनला आली. दुसरी 2 ऑगस्टला, म्हणजे 49 दिवसांनी. तिसरी 29 ऑगस्टला, 27 दिवसांनी. मग 10 ऑक्टोबर, 14 नोव्हेंबर, 26 डिसेंबर, 23 जानेवारी आणि 3 मार्च. मधली अंतरं आली 42, 35, 42, 28 आणि 39. सातही अंतरांची सरासरी काढली तर सदतीसच्या आसपास. ऑगस्टात ‘दोनदा’ आलेली पाळी 27 दिवसांनी आलेली होती. महिन्याच्या सुरुवातीला एक आणि शेवटी एक, एवढाच तो प्रकार. कॅलेंडरचं पान आणि शरीराची फेरी यांचा एकमेकांशी करार झालेला नाही, पण ‘महिन्याला एकदा’ हे आपल्या डोक्यात इतकं पक्कं बसलेलं असतं, की एकाच पानावर दोन वर्तुळं दिसली की घाबरायला होतं.

मोजणीतली दुसरी चूक याहून सार्वत्रिक आहे. कित्येक जणी एक पाळी संपल्यापासून पुढची सुरू होईपर्यंतचे दिवस मोजतात. मोजायचं असतं पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत. पाच-सहा दिवसांचा फरक इथेच पडतो, आणि धडधाकट मुलीच्या कपाळी ‘अनियमित’ असा शिक्का बसतो. गौरी-गणपतीत किंवा घरच्या लग्नात पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या असतील तर ती तारीखही हिशेबातून वगळावी लागते. गोळ्या थांबवल्यावर दोन-चार दिवसांत जे अंगावरून जातं, ती तारीख गोळीची असते, मुलीची नव्हे.

आता नेमकं किती अंतर चालतं? मोठ्या बाईला लावतो ते माप मुलीला लावायचं नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत 21 ते 45 दिवसांमधलं कुठलंही अंतर ठीक धरतात, आणि ते दर खेपेला वेगळं असलं तरीही ठीक. पहिल्या वर्षात तर एखादी फेरी पंचेचाळिशीच्या थोडी पलीकडे गेली म्हणून तपासण्यांच्या मागे लागत नाहीत. पहिल्या आणि दुसऱ्या पाळीतलं अंतर बरेचदा लांबतं, तसं हिचं 49 दिवसांवर गेलं होतं. तिसरं वर्ष सरता सरता बहुतेक मुलींची फेरी 21 ते 35 दिवसांत येऊन बसते. म्हणजे या मुलीची कॅलेंडरं घेऊन मी आईसमोर बसले तेव्हा तारखांपुरतं मला एकच सांगायचं होतं, की काहीही बिघडलेलं नाही.

असं का होतं, हे समजलं की निम्मी काळजी मिटते. दर महिन्याच्या खेळात मेंदूच्या तळाशी असलेली पिट्यूटरी ग्रंथी आणि बीजकोश यांच्यात निरोपांची ये-जा चालते. पिट्यूटरी हुकूम सोडते, बीजकोशात बीजाची पिशवी वाढू लागते आणि तिच्यातून इस्ट्रोजेन स्रवतं. इस्ट्रोजेन वाढलं की पिट्यूटरीने हात आखडता घ्यायचा, हा पहिला धडा मुलीच्या शरीराला लवकर येतो. दुसरा धडा उलटा आहे. इस्ट्रोजेन चांगलं चढून साधारण दोन दिवस तसंच टिकलं, तर हात आखडण्याऐवजी पिट्यूटरीने एकदम जोराचा लोट सोडायचा. त्या लोटाने पिशवी फुटते आणि बीज बाहेर पडतं. हा दुसरा धडा गिरवायला शरीराला महिने लागतात, काहींना दोन-तीन वर्षं. तोवर पाळी येते, पण बऱ्याच फेऱ्यांत बीज सुटलेलंच नसतं.

बीज सुटलं नाही की प्रोजेस्टेरॉन तयार होत नाही, आणि तिथून पुढचा घोटाळा सुरू होतो. गर्भाशयाच्या आतलं अस्तर म्हणजे भिंतीवरचा गिलावा समजा. इस्ट्रोजेन थरावर थर चढवतं. प्रोजेस्टेरॉन तो गिलावा घट्ट बांधतं, आणि ते ओसरलं की सगळा थर एकाच वेळी, ठरल्या दिवसांत उतरतो. प्रोजेस्टेरॉन आलंच नाही तर थर नुसता चढत राहतो आणि मग त्याचे इथून-तिथून पोपडे पडू लागतात. कधी लवकर, कधी उशिरा. कधी दोन दिवस, कधी आठवडाभर. म्हणून तारीख हलते.

याच कारणाने पहिल्या काही पाळ्या बरेचदा दुखत नाहीत. वर्ष-दीड वर्षाने बीज सुटू लागलं की ओटीपोटात कळा सुरू होतात, आणि आया धास्तावतात: “आधी काही नव्हतं, आता दुखतंय, काहीतरी झालंय.” झालेलं एवढंच असतं, की दुसरा धडा पाठ झाला. मात्र कळांमुळे दर महिन्याला शाळा बुडत असेल, आणि गोळी, गरम पाण्याची पिशवी यांनीही भागत नसेल, तर ते ‘बायकांचं दुखणं’ म्हणून सोडून द्यायचं नाही. एंडोमेट्रिओसिस कोवळ्या वयातही असतो.

सोनोग्राफीच्या रिपोर्टात लिहिलं होतं, की दोन्ही बीजकोशांत बारीक गाठी आहेत. त्याखाली कोणीतरी पेनाने ‘पीसीओडी’ लिहून भोवती चौकट केली होती. मला या चौकटीचा राग येतो, हे कबूल करून टाकते. तेरा-चौदा वर्षांच्या मुलीच्या बीजकोशात बीजाच्या पुष्कळ छोट्या पिशव्या दिसणं हा त्या वयाचा स्वभाव आहे. पीसीओएसच्या निदानासाठी 2018 आणि 2023 मध्ये ज्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या, त्यांत स्पष्ट म्हटलं आहे, की पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत या निदानासाठी सोनोग्राफीचा आधार घेऊ नये. किशोरवयात हे निदान करायचं तर दोन गोष्टी एकत्र लागतात: वयाच्या मापानेही अनियमित ठरेल अशी पाळी, आणि अँड्रोजेन वाढल्याची खूण, म्हणजे हनुवटीवर, छातीवर, पोटावर राठ केस, हट्टी मुरमं किंवा रक्त तपासणीत वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. या मुलीत दोन्हींपैकी काही नव्हतं. तरीही ‘पाळी लायनीवर यायच्या’ गोळ्या तिला लिहून दिलेल्या होत्या, त्या आईने सुदैवाने अजून सुरू केल्या नव्हत्या. त्या गोळ्यांनी महिन्याच्या महिन्याला रक्त जातं, आई निर्धास्त होते, पण पिट्यूटरी त्यातून काही शिकत नाही. या गोळ्यांचा उपयोगच नाही असं मुळीच नाही. त्या तारखेसाठी द्यायच्या नसतात, एवढंच.

इथवर सांगून झालं आणि आईचा चेहरा सैलावला. खरं तर तपासणी आता सुरू होत होती.

“आज अकरा तारीख. पाळी तीनला आली. अजून जातंय का?” मी मुलीला विचारलं. तिने मान हलवली. आई म्हणाली, “हो, हिला जरा जास्तच जातं. माझंही तसंच होतं.” आधीच्या खेपेला? नऊ दिवस. त्याआधी सहा. किती पॅड लागतात, असं विचारलं तर आई म्हणाली, “एक पाकीट.” हे उत्तर मला रोज मिळतं आणि त्याचा काही उपयोग होत नाही, कारण पाकीट सहाचंही असतं आणि तीसचंही. मग आईला जरा बाहेर बसायला सांगितलं. या वयाच्या मुलीशी थोडा वेळ एकटीनेच बोलावं लागतं. एकटी असताना तिने सांगितलं, की शाळेत ती एकावर एक दोन पॅड लावते. मधल्या सुट्टीत बदलला तरी शेवटच्या तासाला उठायची भीती वाटते. रात्री दोनदा उठावं लागतं. एकदा चादरीच्या खाली गादीपर्यंत गेलं होतं, तेव्हापासून ती खाली प्लास्टिक घालून झोपते. गाठी पडतात. केवढ्या? तिने अंगठा आणि तर्जनी जोडून वर्तुळ केलं, दहा रुपयांच्या नाण्याहून मोठं.

एका पाळीत साधारणपणे 30 ते 40 मिलिलिटर रक्त जातं. अर्धा कटिंग चहा म्हणा हवं तर. 80 मिलिलिटरच्या वर गेलं की ते जास्त. पण घरात कोणी मापाने मोजत बसत नाही, म्हणून खुणांवर जायचं. दिवसाला तीन ते सहा पॅड आणि सात दिवसांच्या आत पाळी बंद, हे ठीक. सात दिवसांच्या वर जाणं, दर एक-दोन तासांनी पूर्ण भिजलेला पॅड बदलावा लागणं, दोन पॅड एकदम लावावे लागणं, रात्री उठून बदलावा लागणं, नाण्याएवढ्या गाठी, ही सगळी जास्त रक्तस्रावाची लक्षणं. कापड वापरणाऱ्या मुलींनाही हेच प्रश्न विचारता येतात: घडी आरपार भिजते का, किती वेळात, रात्री किती वेळा. या मुलीच्या बाबतीत प्रत्येक प्रश्नाला ‘हो’ येत होतं. तारखांची आठ वर्तुळं आईने नेमाने काढली, पण वर्तुळाखाली दिवस किती आणि पॅड किती, याची नोंद नव्हती.

पापणीखालचा भाग फिकट होता. नाडी शांत बसून 108. जिना चढताना धाप लागते का, असं विचारल्यावर म्हणाली, वर्ग तिसऱ्या मजल्यावर आहे, मी मध्ये थांबते. खडू खावासा वाटतो, हे तिने सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात हळू आवाजात सांगितलं. हिमोग्लोबिन आलं 8.2. बारा हवं. शरीरात लोहाचा साठा किती उरला आहे ते सांगणारं फेरिटिन 4, म्हणजे कणगी रिकामी. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या 15 ते 19 वयाच्या दर शंभर मुलींमागे 59 जणींना रक्तक्षय आढळला होता. त्यामुळे फिकट मुलगी दिसली की ‘नीट जेवत नाही’ असं म्हणून मोकळं होणं फार सोपं जातं. ही मुलगी नीट जेवत होती. पोटात जात होतं त्याहून जास्त खालून जात होतं.

बीज न सुटलेल्या फेऱ्यांमुळेही पाळी लांबते आणि जास्त जाते, हे खरं. बहुतेक मुलींत कारण तेच असतं. पण पहिल्या वर्षातच एवढं रक्त जात असेल तर आणखी एक शक्यता पाहिल्याशिवाय पुढे जायचं नाही: रक्त गोठण्यातच उणीव आहे का? लहानपणापासून अशी उणीव असलेल्या मुलीला फारसं खरचटलं नाही, दात काढावा लागला नाही, तर तिच्या शरीराची पहिली मोठी परीक्षा पाळीच घेते.

या आजाराला ज्यांचं नाव मिळालं त्या एरिक फॉन विलेब्रांड या फिनलंडच्या डॉक्टरांकडे 1924 मध्ये ओलांड बेटांवरच्या फोग्लो गावातली पाच वर्षांची एक मुलगी आली होती. नाव योर्डिस. तिच्या काही बहिणी रक्तस्रावाने आधीच दगावल्या होत्या. त्या कुटुंबाची वंशावळ तपासून त्यांनी 1926 मध्ये निबंध लिहिला. हिमोफिलियासारखा हा आजार मुख्यतः पुरुषांना होत नाही, बायकांनाही होतो, हे त्यात नवं होतं. योर्डिस तेराव्या वर्षी गेली, आयुष्यातल्या चौथ्या पाळीत. आज तसं होऊ नये एवढी औषधं आपल्याकडे आहेत, आणि बहुतेकींचा आजार तिच्याहून पुष्कळ सौम्य असतो. सौम्य असतो म्हणूनच तो ओळखू येत नाही.

या आजारात प्लेटलेटची संख्या पुरेशी असते. त्यांना फुटलेल्या रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटवणारा जो डिंक लागतो, तो कमी पडतो. म्हणून साध्या रक्त तपासणीत प्लेटलेट व्यवस्थित येतात, गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्याही कित्येकदा व्यवस्थित येतात आणि सगळे निश्चिंत होतात. या डिंकाची तपासणी वेगळी मागावी लागते. तीही लहरी. अंगात ताण असेल, रक्तस्राव चालू असेल, इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्या चालू असतील तर आकडा फुगून येतो. म्हणून एकदा बरा आला तरी शंका असेल तर पुन्हा करतात. हिचा पहिला आकडा 46 आला, पन्नासच्या जरासाच खाली. रक्त थांबल्यावर काही आठवड्यांनी पुन्हा पाठवला, तेव्हा 28. तिशीच्या खाली गेला की निदानाबद्दल वाद राहत नाही.

मधल्या काळात उपचार थांबले नव्हते. जास्त जाण्याच्या दिवसांत ट्रॅनेक्झॅमिक आम्लाच्या गोळ्या. त्या जमलेली गुठळी टिकवून धरतात. लोहाची गोळी चहाबरोबर न घेता लिंबू-पाण्याबरोबर, आणि हिमोग्लोबिन बारा झालं तरी पुढे तीन महिने, कारण कणगी भरायची असते. शाळेत आठवड्याला एक मिळणारी निळी गोळी ती इमानाने घेत होती. ती रक्तक्षय होऊ नये म्हणून असते. झालेला भरून काढायला पुरत नाही. पोटदुखीसाठी घरात सर्रास असणाऱ्या मेफेनॅमिक आम्ल, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन या गोळ्या बंद केल्या, कारण त्या प्लेटलेटचं काम आणखी बिघडवतात. एवढ्याने भागलं नाही तर हार्मोनच्या गोळ्या द्याव्या लागतील, आणि त्या रक्त रोखण्यासाठी असतील, हे आईला आधीच सांगून ठेवलं.

तासाला एक पॅड पूर्ण भिजतोय आणि दोन तास असंच चाललंय, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी येते, छाती धडधडते, असं झालं तर सकाळची वाट पाहायची नाही. रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठायचा.

उलट्या बाजूचं थोडक्यात. पाळी सुरू झाल्यावर एकदा जरी 90 दिवसांचं अंतर पडलं तरी दाखवावं. तिथे गरोदरपणाची चाचणी सगळ्यात आधी होते, आणि ती प्रत्येक मुलीची होते, म्हणून आयांनी दुखावून घेऊ नये. मग थायरॉइड, पीसीओएस आणि खाणं. भरतीसाठी रोज पळणाऱ्या किंवा वजनाच्या धास्तीने जेवण तोडलेल्या मुलींची पाळी बंद पडते, तेव्हा शरीराने काटकसर सुरू केलेली असते. पाळी आलीच नाही तर पंधरावं वर्ष पूर्ण होईपर्यंत थांबता येतं. पण स्तनांची वाढ सुरू होऊन तीन वर्षं झाली असतील तर तेवढंही थांबू नये. चौदा-पंधरा वर्षांची मुलगी, पाळी आलेली नाही, पण दर महिन्याला ओटीपोटात दुखतं, कधी लघवी अडते, अशी गोष्ट ऐकली की तत्काळ तपासायचं. योनिमार्गाचं तोंड पडद्याने पूर्ण बंद असेल तर पाळी येत असते, फक्त रक्त आत साठत असतं. छोट्या शस्त्रक्रियेने ते मोकळं होतं.

दुसरा रिपोर्ट आला त्या दिवशी मुलीबरोबर वडीलही आले होते. हा आजार बहुतेकदा आई किंवा वडील, कोणाकडून तरी येतो, म्हणून दोघांना प्रश्न विचारायचे असतात. आईच्या पाळीचा विषय आधीच झाला होता. ‘माझंही तसंच होतं’ म्हणाली होती, पण खोदून विचारलं तर तिची पाळी चार दिवसांची निघाली. लेकीला धीर द्यायला ती तसं बोलली होती. वडिलांना विचारलं, नाकातून रक्त येतं? “उन्हाळ्यात येतंच की. लहानपणी तर आई कांदा हुंगवायची.” किती वेळ? “अर्धा तास. कधी जास्त.” दात काढलाय कधी? ते हसले. “अजून नाही. या शनिवारी दाढ काढायचीय.”

मी त्यांच्यासाठी रक्त तपासणीची चिठ्ठी लिहिली, आणि शनिवारची वेळ पुढे ढकला म्हणून दंतवैद्यांना फोन करायला सांगितला. आई तोवर यंदाच्या कॅलेंडरवर वाकली होती. 3 मार्चच्या वर्तुळाखाली तिने बारीक अक्षरात लिहिलं, ‘11 दिवस’, आणि पॅड किती ते आठवेना म्हणून मुलीकडे पाहिलं. मुलीने दप्तरातून वही काढून शेवटचं पान उघडलं. तिथे रोजच्या रेघा होत्या, पाच-पाचच्या जुड्या बांधून.